डावं पान, उजवं पान

तुमसरला बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, तांदळाच्या पोत्यांची लेबलं, श्रद्धांजलीचे बॅनर, सगळं मी करते. माणूस जन्माला आल्यापासून जाईपर्यंत एकदा तरी माझ्या कॉम्प्युटरवरून जातोच. त्यामुळे आपला फोटो कुठे बसावा याची माणसाला किती चिंता असते, हे मला इतर कुणी शिकवायची गरज नाही. तरीही टेकचंदजींनी मला नवं काही शिकवलं.

टेकचंदजी म्हणजे आमच्या गावच्या कला मंडळाचे अध्यक्ष. साड्यांचं दुकान, तीन पिढ्यांचं. कविता मात्र पहिल्या पिढीतली. हिंदीत करतात आणि ज्यांनी उधारीवर साडी नेली आहे त्यांना ऐकवतात. यंदा डिसेंबरात मंडळाने लोकगीतांचा कार्यक्रम ठरवला. अर्धं सभागृह आपलं मराठी, अर्धं राज्याच्या हद्दीपलीकडून, बालाघाट-वारासिवनीकडून येणारं हिंदी. गाणी आपल्याकडची. प्रत्येक गाणं आधी आपल्या बाया मूळ म्हणतील, मग बालाघाटचा वृंद तेच हिंदीत म्हणेल आणि लोकांच्या हातात एक पुस्तिका असेल. पुस्तिका माझ्याकडे आली.

काम घेऊन आली करुणा. एकोडीची पोर, इथल्या कॉलेजात तासिकेवर मराठी शिकवते. तिची आई सुमनबाई रोवण्याची, म्हणजे धानाच्या लावणीची, गाणी म्हणणारी. करुणाने प्रत्येक गाण्याचा शब्दाला शब्द अर्थ हिंदीत लिहून आणला होता. मूळ ओळ, आणि तिच्या खाली, प्रत्येक शब्दाच्या बरोबर खाली, त्याचा हिंदी शब्द. क्रम हलवायचा नाही, अलंकार लावायचे नाहीत, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. जिथे आपल्या एका शब्दाला हिंदीत दोन लागतात तिथे मध्ये छोटी रेघ. ‘बांधीत’ खाली ‘बाँधी-में’.

“हे गायचं नाही, ताई,” करुणा म्हणाली. “हे फक्त समजायले. गायचं हिंदी टेकचंद सरांनी केलं. ते वेगळ्या पानावर.”

मी काम समजून घेतलं. डाव्या पानावर मूळ आणि खाली शब्दार्थ, उजव्या पानावर गायचं हिंदी. एक गाणं समोरासमोरच्या दोन पानांतच संपलं पाहिजे, नाहीतर ऐन कडव्यात चारशे माणसं पान उलटतील आणि गाण्यापेक्षा कागदच जास्त वाजेल. अक्षर मोठं, कारण सभागृहातला दिवा अर्धाच असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डावीकडची तिसरी ओळ जिथे, उजवीकडची तिसरी ओळ तिथेच. डोळा आडवा सरकला पाहिजे, शोधत फिरला नाही पाहिजे. डावीकडे शब्दार्थामुळे ओळी दुप्पट होतात, म्हणून उजवीकडे प्रत्येक ओळीखाली कोरी जागा सुटते. ती सोडायचीच. त्या कोऱ्या जागेवरच सगळा मेळ उभा असतो.

पहिली छापील प्रत पाहून टेकचंदजी दुकानातच बसकण मारून बसले.

“दामिनीताई, हे काय करून राहिल्या तुम्ही? डावं पान भरलं भरलं आणि माझं पान असं उजाड?”

“उजाड नाही जी, समोरासमोर आहे. तुमची ओळ मूळ ओळीच्या समोर यायले पाहिजे ना.”

“अरे, पर देखनेवाला क्या बोलेगा? त्याइनं एवढं लिहिलं, अन अध्यक्षानं एवढंसंच?”

मी म्हटलं, गाणं तेवढंच आहे. ते म्हणाले, कवी तेवढा नाही.

आता त्यांचं गायचं हिंदी कसं होतं ते सांगायलाच हवं. सुमनबाईंचं पहिलं कडवं असं:

बांधीत पाणी, पाण्यात पऱ्हा,
वाकली पाठ, चालला रोवणा.

बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, पऱ्हा म्हणजे धानाचं रोप. करुणाने खाली लिहिलं: ‘बाँधी-में पानी, पानी-में रोपा, झुकी पीठ, चली रोपाई’. संपलं. टेकचंदजींनी त्याचं केलं:

जलपूरित क्षेत्र में हरित अंकुर शोभे,
नमित कटि नारी का श्रम-यज्ञ लोभे।

करुणाने मोठ्या अदबीने सांगून पाहिलं. “सर, ‘पाणी’वर आई आवाज लांबवते. तिथं ‘क्षेत्र’ आलं तं गाणारा ‘त्र’ कसा लांबवंल? अन ओळीत मात्रा पण जास्त होऊन राहिल्या.”

“मात्रा डॉक्टर मोजतो,” टेकचंदजी म्हणाले आणि स्वतःच हसले. दुकानात दुसरं कुणीच हसलं नाही. प्रिंटर तेवढा खरखरला.

पण खरी गोष्ट चौथ्या कडव्याची होती. त्यासाठी सुमनबाई स्वतः एकोडीहून एसटीने आल्या. साठीच्या असतील. कमरेतून किंचित वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. दुकानात येऊन त्यांनी आधी पाणी मागितलं, मग खुर्ची नाकारली आणि मग सांगितलं.

त्यांच्या चमूत एक रीत आहे. गावात दुसरीकडे नाही, फक्त त्यांच्या बायांत. रोवण्याला ओळीने वाकून बाया मागे सरकतात, प्रत्येकीला तिची पात ठरलेली. एखादी बाई मेली की वर्षभर तिची पात कुणाला देत नाहीत. गाण्यात तिचं नाव घेतात आणि ऐकणारे सगळे ‘हाये’ म्हणतात. वर्ष झालं की नाव थांबतं आणि पात दुसरीला देतात. यंदा चैत्रात शकुनबाई गेली. सुमनबाईंच्या शेजारची पात तिची. तीस वर्षं दोघी कोपराला कोपर लावून रोवल्या होत्या. म्हणून यंदाचं चौथं कडवं असं:

पातीत जागा कोनाची खाली?
आपल्या संगची शकुनबाई.

“अन मंग सगळे, हाये!” सुमनबाई म्हणाल्या. “आता आयक पोरी. शकुन आमच्याकडची नव्हती. तिचं माहेर वारासिवनीकडचं, हिंदी मुलूख. आली तवा तिले आपली बोली येत नव्हती. ‘पऱ्हा’ म्हणायले तिले सहा महिने लागले. सासरकडच्यानं रोवण्यात हाये म्हणलं. माहेरकडच्यानं नाही म्हणलं अजून. तिचं मायबाप नाही, भाऊ नाही, आमी कोनाले जाऊन सांगाव? आता हा कार्यक्रम हाये. तिकडची दोनशे मानसं येतील. त्याइनं एकडाव म्हणलं पाहिजे. चैत्रात साल भरते. मंग नाव थांबते.”

एवढंच मागणं होतं बाईचं. मानधन विचारलं नाही, शाल विचारली नाही, आपलं नाव कुठे येणार तेही नाही. माझ्या दुकानात असं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला उगाच डोळे पुसावे लागले.

करुणाने डाव्या पानावर नावाखाली नावच ठेवलं होतं. नावाला शब्दार्थ नसतो. ‘हाये’च्या खाली ‘है’. आणि त्याखाली कंसात एक ओळ: ‘शकुनबाई, मायका वारासिवनी, इस साल नहीं रहीं। नाम सुनकर सब “है” कहें।’

टेकचंदजींच्या उजव्या पानावर शकुनबाई नव्हतीच.

“शुभ प्रसंग आहे,” ते म्हणाले. “मंचावर पाहुणे असतील, दीपप्रज्वलन होईल. मेलेल्याचं नाव कायले? आणि हिंदीवाल्यांना काय ठाऊक कोण शकुनबाई? मी तिथं दुसरं कडवं टाकलं आहे. चाराला चार झाले, तुमचं समोरासमोर पण झालं.”

दुसरं कडवं हे:

धन्य यह मंडल, धन्य आनंद,
सबको नमन करे टेकचंद।

म्हणजे माझ्या समोरासमोरच्या शिस्तीत डावीकडे जिथे शकुनबाई, बरोबर तिथेच उजवीकडे टेकचंद. मी त्यांना ते दाखवलं. त्यांना ते फार आवडलं.

“मग सर, आईचं डाव्या पानावर तरी राहू द्या,” करुणा म्हणाली. तासिकेवरच्या माणसाला आवाज चढवून बोलायची सोय नसते. त्यातून टेकचंदजी कॉलेजच्या संस्थेवरही होते.

टेकचंदजींनी विचार केला. “राहू दे. पण ते खालचं हिंदी बारीक करा. एकदम बारीक, सहा पॉइंट. शब्दार्थ म्हणजे नोकर माणूस, तो मागेच बरा दिसतो. आणि माझं पान असं सुटं सुटं नको. ओळी जवळ घ्या, अन वर जी जागा होते तिथं माझा फोटो टाका. मोठा.”

“फोटो टाकला की ओळी समोरासमोर राहणार नाहीत, टेकचंदजी. वाचणारा चुकेल.”

“वाचणारा फोटो पाहील.”

अध्यक्षांपुढे शहाणपण चालत नाही. फोटो टाकला. हार घातलेला, हात जोडलेला, मागे गुलाबी पडदा. पान सात. ओळी बिचाऱ्या फोटोखाली दाटीवाटीने बसल्या. फक्त सहा पॉइंटची गोष्ट मी ऐकली नाही. अर्ध्या दिव्यात सहा पॉइंट मुंगीलाही वाचता येत नाही. मी शब्दार्थ बारा पॉइंटात ठेवला आणि टेकचंदजींना सांगितलं, कागदावर थोडा मोठा दिसतो. त्यांनी पान सहा पाहिलंच नाही. त्यांचं सगळं लक्ष सातवर होतं.

बालाघाटच्या वृंदाचे मास्तर राजकुमारजी. हार्मोनियमचा वर्ग चालवतात. सरावासाठी त्यांना मी पानं मोबाईलवर पाठवली, सुमनबाईंच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण करुणाने पाठवलं. मोबाईलवर पानं समोरासमोर दिसत नाहीत, एकाखाली एक येतात, हे मला ठाऊक होतं. पण त्यातून पुढे काय होईल ते मला सुचलं नव्हतं. मी काही ठरवून केलं नाही, हे आजही शपथेवर सांगते.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं. एका बाजूला आपली मंडळी, दुसऱ्या बाजूला तिकडची. दोन बसगाड्या भरून आली होती. आपण कुणाला सांगितलं नाही की असे असे बसा, पण बसलीच तशी. मी दिवेवाल्याजवळ उभी होते, कारण तो सवयीने सगळे दिवे घालवतो आणि मग पुस्तिकेचा पंखा होतो. दीपप्रज्वलन झालं. टेकचंदजींचं प्रास्ताविक झालं. थोडं थोडं करत ते पस्तीस मिनिटं झालं. त्यात ‘अनुवाद ही साधना आहे’ हे वाक्य तीनदा आलं.

मग सुमनबाई आणि चौघी जणी उभ्या राहिल्या. पेटी नाही, तबला नाही. रोवण्यात कुठे पेटी असते? आवाज निघाला आणि आपल्या बाजूच्या बाया बसल्या जागी किंचित पुढे झुकल्या. चौथं कडवं आलं. “आपल्या संगची शकुनबाई,” सुमनबाईंनी नाव लांबवलं आणि थांबल्या. आपली बाजू म्हणाली, “हाये!” तिकडची बाजू पुस्तिकेत पाहत होती. कुणी डावीकडे, कुणी फोटोकडे. नाव येऊन गेलं तेव्हा त्यांची बोटं अजून ओळ शोधत होती. सुमनबाईंनी एकदा तिकडे पाहिलं आणि मान खाली घातली. करुणा माझ्याशेजारी होती. तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

आता वृंद. राजकुमारजींनी पेटी उघडली, सूर धरला, आठ बाया उभ्या राहिल्या. पहिल्या रांगेत टेकचंदजींनी डोळे मिटले आणि ‘जलपूरित’ची वाट पाहत मान डोलवायला सुरुवात केली.

“बाँधी में पानी, पानी में रोपा,” वृंद म्हणाला. “झुकी पीठ, चली रोपाई.”

टेकचंदजींचे डोळे उघडले.

मी करुणाकडे पाहिलं, करुणाने माझ्याकडे. वृंद शब्दार्थ गात होता! आणि तो चालीत बसत होता. का नाही बसणार? करुणाने शब्द हलवलेच नव्हते. जिथे मूळ शब्द तिथे त्याचा हिंदी भाऊ, आणि दोघे भाऊ जवळपास एकाच उंचीचे. सुमनबाई जिथे ‘पाणी’ लांबवत होत्या तिथे यांचं ‘पानी’ आपोआप लांबत होतं. दोन शब्दांमधली ती छोटी रेघसुद्धा राजकुमारजींनी वाया घालवली नव्हती. तिथे त्यांनी आवाज तुटू न देता जोडून घेतला होता.

पुढे चहाच्या वेळी मी विचारलं तेव्हा ते निष्पापपणे म्हणाले, “मैडम, हमारी स्वरलिपि में ऊपर सुर रहता है, नीचे बोल. तो हमने नीचे वाला गाया. ऊपर आपकी बोली थी, हम समझे चाल के लिए दी है.”

“पण पान सात?”

“वो? हार वाला फोटो था, हाथ जोड़े हुए. हम समझे किसी शुभेच्छुक का विज्ञापन है. हर स्मरणिका में रहता है.”

पण हे नंतरचं. तेव्हा सभागृहात तिसरं कडवं संपत होतं आणि तिकडच्या बाजूला काहीतरी होत होतं. आता त्यांना शोधावं लागत नव्हतं. जे कानावर येत होतं तेच डाव्या पानावर बोटाखाली होतं. दोनशे बोटं एका वेगाने सरकत होती. बायका वृंदाबरोबर ओठ हलवायला लागल्या होत्या.

“कतार में जगह किसकी खाली?
अपने साथ की शकुनबाई.”

नाव लांबलं. वृंद थांबला.

मग मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. “है.”

आणि मग सगळी तिकडची बाजू. “है!” आपल्या बाजूनेही पुन्हा “हाये!” दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले आणि कोणता कुठून आला ते कळेना. सुमनबाई मंचाच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. करुणा तर सरळ रडत होती. मीही रडले, यात लपवण्यासारखं काही नाही.

पण टेकचंदजी रडत नव्हते. ते तरातरा मंचावर गेले. त्यांच्या लेखी घोर अन्याय झाला होता. माईक हातात घेऊन म्हणाले, “क्षमा करें, वृंद से चूक हो गई. असली गेय अनुवाद पृष्ठ सात पर है. अंतिम पद मैं स्वयं प्रस्तुत करता हूँ. राजकुमारजी, सूर द्या.”

सूर मिळाला. चाल तीच. थांबायची जागा तीच. टेकचंदजींनी छाती भरून घेतली.

“धन्य यह मंडल, धन्य आनंद,
सबको नमन करे टेकचंद...”

त्यांनी नाव लांबवलं आणि कवीला साजेसे थांबले.

“है!” म्हणाली तिकडची दोनशे माणसं. “हाये!” म्हणाली आपली दोनशे. कुणी ठरवलं नव्हतं. चालच तशी होती. नाव आलं, आवाज लांबला, उत्तर गेलं. त्यात डाव्या पानावरची कंसातली ओळ सगळ्यांच्या डोळ्यांपुढे: ‘इस साल नहीं रहीं। नाम सुनकर सब “है” कहें।’ आणि समोरच्या पानावर हार घातलेला फोटो.

आपल्या बाजूला आधी कुणी गालातल्या गालात हसलं. मग कुणीतरी खोकलं, मग कुणीतरी तोंडात रुमाल कोंबला, मग एक अख्खी रांग खाली वाकून चप्पल शोधू लागली. टेकचंदजींच्या घरच्यांनी मात्र अशुभ टळो म्हणून पटकन हात जोडले.

आणि टेकचंदजी? ते फुलले. चारशे माणसांनी एका आवाजात त्यांच्या नावाला होकार दिला होता. साड्यांच्या दुकानात असं कधी झालं नव्हतं. त्यांनी कडवं दुसऱ्यांदा म्हटलं. पुन्हा “है!” तिसऱ्यांदा म्हटलं. राजकुमारजींनी शेवटी पेटीचा भाता बंद केला, तेव्हा ते थांबले.

नंतर चहाच्या टेबलाशी ते घामाघूम होऊन आमच्याकडे आले. “पाहिलं, दामिनीताई? जनता कशी जुडली! पुढच्या साली प्रत्येक गाण्यात हे कडवं टाकू.”

करुणाचे डोळे अजून लाल होते आणि त्यात आता दुसरीच आग होती. “सर, ते ‘हाये’ म्हणजे,” तिने सुरुवात केली.

सुमनबाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला. “साहेब,” त्या टेकचंदजींना म्हणाल्या, “गळा चांगला हाये तुमचा. चहा घ्या.”

ते खूश होऊन फोटोवाल्याकडे गेले. करुणा आईवर उखडली. “काहून थांबवलं मले? त्यानं शकुनमावशीचं नाव काढलं होतं! सांगायचं होतं त्याले, की चारशे लोकांनी तुले मेलेला म्हणलं.”

“कायले सांगतेस?” सुमनबाईंनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. “आपलं काम झालं. माहेरच्याइनं हाये म्हणलं. शकुन असती तं एवढी हासली असती, एवढी हासली असती, का बांधीतच बसली असती.” त्यांनी घोट घेतला आणि फोटोसाठी मान उंच करून उभ्या असलेल्या टेकचंदजींकडे बराच वेळ पाहिलं. “अन त्याच्याकडं पाह्य जरा. कसा हरकला हाये लेकरासारखा. येवढं मोठं दुकान, येवढी मानसं. जित्तेपनी त्याले कोनी हाये म्हणलं नसंल, पोरी.”